चारशे फोन आणि एक प्रश्न

चारशे माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला सरासरी एकाहून जास्त वाढदिवस पडतात. साधा भागाकार आहे. प्रत्येकाला वीस-पंचवीस जणांनी केकचं चित्र पाठवायचं म्हटलं, तर त्या ग्रुपचे बहुतेक दिवस केकचेच जायचे. बरं, हे चित्र चारशे फोनांवर उतरतं. संदेश उघडून, बघून, बाजूला सारायला माणशी पाच सेकंद लागतात असं धरलं, तरी एका केकपायी सगळ्यांची मिळून दोन हजार सेकंदं जातात. म्हणजे अर्धा तास आणि वर तीन मिनिटं. पाठवणाऱ्याची मात्र दोन सेकंदं गेलेली असतात.

व्यावसायिक ग्रुप चालवताना जे काही करायचं असतं ते या हिशेबातून निघतं. सभासदांचं लक्ष हीच त्या ग्रुपची एकमेव पुंजी असते आणि ती खर्च करण्याचा अधिकार प्रत्येकाच्या बोटात असतो. मी ज्या ग्रुपबद्दल लिहितो आहे तो कर सल्लागारांचा आहे. त्यात सीए आहेत, वकील आहेत, जीएसटी प्रॅक्टिशनर आहेत, हिशेब लिहून रिटर्न भरून देणारे आहेत. बहुतेक जण सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडचे, तालुक्याच्या गावी एकट्याने ऑफिस चालवणारे. शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी ज्येष्ठ नसतो, म्हणून ग्रुप लागतो. आम्ही चौघे जण तो बघतो.

शे-दोनशेपासून पाच-सहाशेपर्यंतची संख्या मोठी विचित्र असते. चाळीस जणांत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे नियम लागत नाहीत, भीड पुरते. हजारो असले की माणूस मुळात बोलायलाच कचरतो. चारशेत मात्र निम्मे ओळखीचे आणि निम्मे अनोळखी. ओळखीचे घरच्यासारखे बोलतात आणि अनोळखी ते मुकाट वाचतात. 2022 पर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 256च माणसं मावत. त्या वर्षी आधी 512 आणि मग 1024 अशी मर्यादा वाढली, आणि जागा आहे म्हणून भरती करायची आपली सवय उफाळून आली. तालुक्यातालुक्यांचे ग्रुप एकत्र झाले. पूर्वी भिडेवर चालत होतं ते आता लिहून ठेवावं लागलं.

केकचा प्रश्न मनाई करून सुटत नाही. लोक दुखावतात, आणि त्यांचं दुखावणं रास्तही असतं. माणसं एकमेकांना विचारतात म्हणूनच तर ग्रुप जिवंत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपने 2022 मध्येच ‘कम्युनिटी’ नावाची सोय आणली. एका छपराखाली अनेक ग्रुप ठेवता येतात आणि वर घोषणांचा एक ग्रुप असतो, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात. आमच्याकडे घोषणा, चर्चा आणि कट्टा अशा तीनच खोल्या आहेत. वाढदिवस, सत्कार, पावसाचे फोटो, विनोद हे सगळं कट्ट्यावर. निधनाची बातमी तेवढी घोषणांमध्ये एकदाच येते आणि लोक खाली हात जोडल्याची खूण करतात. ती खूण नवा संदेश म्हणून मोजली जात नाही, त्यामुळे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची दीडशे ओळींची रांग लागत नाही आणि दुःखाचा मानही राहतो.

खोल्या याहून वाढवू नयेत असं माझं ठाम मत आहे. आयकर, जीएसटी, टीडीएस, ऑडिट, व्यवसाय कर असे वेगळे ग्रुप करण्याचा मोह प्रत्येक अ‍ॅडमिनला एकदा तरी होतो. पण चारशेत मन लावून उत्तरं देणारे पंधरा-वीसच असतात. त्यांना पाच खोल्यांत वाटलं की प्रत्येक खोलीत तीन-चार उरतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. व्यावसायिक ग्रुप बिघडतो तो केकमुळे नव्हे, वाईट रीतीने विचारलेल्या प्रश्नांमुळे. उदाहरण घेऊ. सकाळी अकरा वाजता कुणीतरी लिहितं, ‘जुन्या बिलाचं आयटीसी घेता येतं का? अर्जंट.’ आयटीसी म्हणजे व्यापाऱ्याने खरेदीवर जो जीएसटी आधीच भरलेला असतो, तो त्याच्या पुढच्या करातून वळता करून घेण्याची सोय. दोन मिनिटांत उत्तर येतं, ‘येतं.’ पाठोपाठ दुसरं, ‘मुदत गेली, येत नाही.’ तिसरा म्हणतो, ‘नवीन दुरुस्ती झाली आहे, येतं.’ चौथा एका यूट्यूब व्हिडिओची लिंक टाकतो. मग पहिला आणि दुसरा एकमेकांना ‘सर, आपण कलम वाचलंत का?’ असं विचारू लागतात. त्या ‘सर’मध्ये काय काय भरलेलं असतं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

यातली गंमत अशी, की तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. जीएसटी कायद्याच्या कलम 16(4) प्रमाणे एखाद्या आर्थिक वर्षातल्या बिलाचं क्रेडिट ते वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत घ्यावं लागतं. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर त्या दिवसापर्यंतच. समजा बिल मार्च 2024 चं आहे, म्हणजे 2023-24 या वर्षातलं. मुदत 30 नोव्हेंबर 2024. विकणाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये ऑक्टोबरमध्ये दाखवलं असेल, तर घेणाऱ्याला मुदतीच्या आत क्रेडिट घ्यायला वाव होता. त्याने आळस केला आणि डिसेंबरमध्ये दाखवलं, तर वेळ गेली. आणि बिल 2018-19 सालचं असेल तर आणखी वेगळं. 2017-18 ते 2020-21 या चार वर्षांसाठी 2024 मध्ये कायद्यात कलम 16(5) घातलं गेलं आणि 30 नोव्हेंबर 2021 पर्यंत भरलेल्या रिटर्नमध्ये घेतलेलं क्रेडिट ग्राह्य धरलं गेलं. तेव्हा ‘येतं’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक वर्ष होतं आणि ‘येत नाही’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरं. विचारणाऱ्याने वर्ष सांगितलंच नव्हतं.

म्हणून आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम वागणुकीचा नाही, प्रश्न कसा लिहायचा याचा आहे. करदाता कोण आहे, कोणत्या वर्षाचं प्रकरण आहे, काय कोणत्या तारखेला घडलं, आणि तुम्ही स्वतः काय वाचलंत नि कुठे अडलात, एवढं लिहायचं. वरचाच प्रश्न त्या साच्यात असा होतो: ‘पार्टी किरकोळ व्यापारी, दरमहा रिटर्न. 2023-24 चं बिल, तारीख 18 मार्च 2024. विकणाऱ्याने ते डिसेंबर 2024 मध्ये दाखवलं. पार्टीचं वार्षिक रिटर्न अजून बाकी. 16(4) वाचलं, मुदत गेली असं वाटतं. विकणाऱ्याच्या उशिराचा भुर्दंड घेणाऱ्यालाच का, यावर काही मार्ग आहे का?’ या प्रश्नाला ‘येतं, येत नाही’ असं उत्तर देताच येत नाही. ज्याला त्या प्रकारच्या अपिलांचा अनुभव आहे तोच बोलतो आणि बाकीचे ऐकतात. संदेश चार-पाचच होतात, पण वाचणाऱ्या चारशेंच्या पदरात काहीतरी पडतं.

चौथी अट, म्हणजे ‘काय वाचलंत’, हीच खरी चाळणी. ती लिहायला बसल्यावर पुष्कळांचा प्रश्न लिहितालिहिता सुटतो आणि ग्रुपवर येतच नाही. ज्येष्ठ मंडळी आधी कुरकुरतात, की एवढं लिहायला वेळ कुणाला आहे. पण तुम्हाला एकट्याला लिहायला लागणारी चार मिनिटं वाचवायची की चारशे जणांची, हा हिशेब मांडला की कुरकुर थांबते. निदान उघड तरी थांबते.

बाकीचे नियम थोडेच आहेत, आणि थोडेच असावेत. ग्रुपच्या माहितीत ते एका नजरेत वाचून व्हायला हवेत. स्क्रीन सरकवावी लागली की कुणी वाचत नाही. धंद्याची जाहिरात नाही. राजकारण आणि देवधर्म नाही. सभासदांचे नंबर उचलून त्यांना परस्पर काही विकायला गेलात तर सूचना न देता बाहेर. हा शेवटचा नियम कडक आहे, कारण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. सॉफ्टवेअर विकणारे आणि डिजिटल सहीवाले यांना चारशे कर सल्लागारांची यादी म्हणजे आयतं घबाड. त्यासाठी दारावरच थांबवायचं. ग्रुपची लिंक कुठे उघड्यावर टाकायची नाही, नव्या माणसाला अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच आत घ्यायचं ही सेटिंग चालू ठेवायची, आणि सीएचा सभासद क्रमांक, वकिलाची सनद किंवा जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी विचारायची. कुठल्या तरी जुन्या सभासदाची ओळख लागते ती वेगळीच.

पक्षकाराच्या गोपनीयतेचा नियम मात्र थोडा समजावून सांगावा लागतो. नोटीस आली की माणूस घाबरतो आणि तिचा फोटो काढून जसाच्या तसा ग्रुपवर टाकतो. सीएच्या बाबतीत पक्षकाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन आहे. चारशे लोकांच्या ग्रुपवर टाकणं याला उघड करणंच म्हणतात, तिथला संदेश कितीही कूटबद्ध असो. लोक मग नाव आणि पॅन यांवर काळी रेघ मारतात आणि जीएसटी क्रमांक तसाच ठेवतात. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. वर झाकलं ते खाली उघडंच. पोर्टलवर तो क्रमांक टाकला की दुकानाचं नावही दिसतं. पीडीएफ पाठवली तर बऱ्याचदा फाइलच्या नावातच पार्टीचं नाव असतं. म्हणून आम्ही फोटोच नको म्हणतो. नोटिशीतला जो परिच्छेद कळला नाही तेवढा टाइप करून टाका.

नियमांची खरी परीक्षा शेवटच्या तारखेला होते. 2025 चं उदाहरण कर सल्लागार अजून विसरलेले नाहीत. ज्यांना ऑडिट लागत नाही अशांच्या आयकर रिटर्नची नेहमीची तारीख तेव्हा 31 जुलै होती. त्या वर्षी फॉर्ममध्ये बरेच बदल झाले होते, म्हणून प्रत्यक्ष कर मंडळाने मे महिन्यातच ती 15 सप्टेंबर केली. सप्टेंबर उजाडला, पोर्टल रखडू लागलं, आणि शेवटच्या दिवसांत एक पत्रक फिरू लागलं की मुदत 30 सप्टेंबरपर्यंत वाढली. ते खोटं होतं. आयकर खात्याला आपल्या एक्स खात्यावर जाहीर करावं लागलं की तारीख 15च आहे.

अशा पत्रकावर विश्वास ठेवण्याची किंमत ठरलेली असते. तारीख चुकली की पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क. एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार. त्याहून मोठा फटका म्हणजे त्या वर्षीचा धंद्यातला किंवा शेअर्समधला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. सल्लागाराने ‘मुदत वाढली, निवांत या’ असं पार्टीला कळवलेलं असलं की भांडण कुणाशी होणार ते उघड आहे.

खोटं पत्रक ओळखायचं कसं? फाइल क्रमांक, अशोकस्तंभ, सही, अधिकाऱ्याचं पद हे सगळं त्यावर असतं, कारण जुन्या खऱ्या पत्रकावर तारीख बदलूनच ते बनवलेलं असतं. तेव्हा चित्राकडे बघून काहीच सिद्ध होत नाही. संदेशावर दोन बाण असले, म्हणजे तो पुष्कळदा पुढे ढकलला गेलेला आहे, तर संशय वाढवावा. पण बाण नसले म्हणून संशय कमी करू नये, कारण स्क्रीनशॉट काढून पुन्हा टाकला की बाण जातात. पुरावा एकच, तो म्हणजे मूळ जागा: आयकर खात्याचं संकेतस्थळ, सरकारचं पत्र सूचना कार्यालय, किंवा खात्याचं अधिकृत एक्स खातं. ग्रुपवर मुदतवाढीचं चित्र चालत नाही, लिंक चालते.

त्यातला एक बारकावा नव्या अ‍ॅडमिनच्या ध्यानात येत नाही. खोटं पत्रक बहुतेकदा कुणी ‘हे खरं आहे’ म्हणून टाकत नाही. सज्जन माणूस विचारतो, ‘हे खरं आहे का?’ आणि खाली चित्र जोडतो. बघणारा ते चित्र आपल्या पार्ट्यांच्या ग्रुपवर ढकलतो. चित्र जातं आणि प्रश्नचिन्ह मागेच राहतं. म्हणून शंका असली तरी चित्र चर्चेत टाकायचं नाही, अ‍ॅडमिनला खासगीत पाठवायचं. अ‍ॅडमिनने मूळ जागा तपासायची आणि घोषणांमध्ये एकच ओळ टाकायची: ‘रात्री 9.10. मुदतवाढ नाही. तारीख 15च. पुढची माहिती इथेच.’ वेळ लिहायचीच. कारण त्या वर्षीचा शेवट असा झाला, की 15 तारखेला रात्री उशिरा मंडळाने खरोखरच एका दिवसाची मुदतवाढ दिली, 16 सप्टेंबरपर्यंत. नऊची खरी ओळ मध्यरात्री खोटी ठरली. वेळ नसती तर लोक पहाटे कोणती ओळ धरून बसले असते कोण जाणे. अशा रात्री दोन अ‍ॅडमिनांनी जागं राहायची पाळी लावून घ्यावी लागते.

अशा वेळी पुष्कळ ग्रुप चर्चाच बंद करून टाकतात, फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशी सेटिंग करून. मला ते पटत नाही. त्या रात्री ‘लॉगिन होतंय का?’, ‘ओटीपी येतोय, पण वीस मिनिटांनी’, ‘आता चालू झालं, पटकन टाका’ हे छोटे संदेशच सगळ्यात उपयोगी असतात. एरवी आम्ही ते उडवले असते. बंदोबस्त अफवेपुरता ठेवावा.

आता उडवण्याविषयी. 2022 पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. ही ताकद फार जपून वापरावी. संदेश काढला की त्या जागी ‘अमुक अ‍ॅडमिनने हा संदेश हटवला’ अशी ओळ उरते, म्हणजे ज्याचा संदेश गेला त्याची चारशे जणांत शोभा होते. म्हणून आधी खासगीत दोन ओळी लिहायच्या आणि मग काढायचा. मजकूर आम्ही ठरवून ठेवला आहे: ‘नमस्कार. आपला संदेश चर्चेतून काढतो आहे, त्यात पार्टीचा जीएसटी क्रमांक दिसतो. तो वगळून पुन्हा टाकावा, उत्तर देणारे आहेत.’ कारण एका वाक्यात, उपाय दुसऱ्यात. ‘कृपया नियमांचं पालन करावं’ असलं काही नको. ते वाचून माणसाला शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा झालं तर हेच, पण फोनवर. तिसऱ्यांदा महिनाभर बाहेर, आणि महिना झाला की आपणहून बोलवायचं. चौथी वेळ क्वचितच येते.

अवघड जाते ती ज्येष्ठांची गोष्ट. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेले, निम्म्या ग्रुपला ज्यांनी हाताखाली शिकवलं असे सर रोज पहाटे साडेपाचला सुविचार आणि त्यासोबत एखादा राजकीय व्हिडिओ टाकतात. तिशीतल्या अ‍ॅडमिनने त्यांना लिहायचं तरी काय? काहीच लिहू नये. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच बरोबरीच्या माणसाने फोन करावा. आमच्या चौघांत एक सत्तरीचे काका मुद्दाम आहेत ते यासाठीच. ते चर्चेत फारसे नसतात, पण त्यांचा एक फोन दहा सूचनांचं काम करतो. चौघेही एकाच ऑफिसचे किंवा एकाच गटातले नसावेत, हेही तेवढंच जरुरीचं. नाहीतर काढलेल्या प्रत्येक संदेशामागे लोक राजकारण शोधतात.

एका प्रसंगी मात्र भीड आणि पायऱ्या दोन्ही बाजूला ठेवाव्या लागतात. एखाद्या सभासदाकडून लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून ‘.apk’ फाइल आली, तर त्याचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलेलं असण्याचा मोठा संभव असतो. ती फाइल उघडणाऱ्याचा फोनही चोराच्या ताब्यात जाऊ शकतो. आधी फाइल काढायची, मग माणसाला ग्रुपबाहेर करायचं आणि मग साध्या कॉलवर कळवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंत तर चोरालाच कळवलंत.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात ते कायद्यामुळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये यावर स्पष्ट निकाल दिला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने तो अ‍ॅडमिनपुरता रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे तो जबाबदार ठरत नाही, असं सांगितलं. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. मात्र नागपूरच्या निकालात एक कारण असं होतं, की अ‍ॅडमिनला माणसं घेण्या-काढण्यापलीकडे फारसा अधिकार नसतो. संदेश काढण्याची सोय त्यानंतर आली. तेव्हा तक्रार आल्यावरही आक्षेपार्ह मजकूर दिवसभर तसाच पडू देणाऱ्या अ‍ॅडमिनने त्या निकालाच्या भरवशावर निर्धास्त राहू नये, असं मला वाटतं.

सगळ्यात कमी केलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे उत्तरं जपून ठेवणं. चांगलं उत्तर येतं, दुपारपर्यंत साठ संदेशांच्या खाली जातं, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा येतो. नव्याने आलेल्यापुढे जुन्या संदेशांची पूर्ण रास नसते. आमच्याकडे दोघे जण दर रविवारी आठवड्यातली कामाची उत्तरं एका सामायिक दस्तऐवजात उतरवतात: प्रश्न, उत्तर, कलम, कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला सांगितलं. त्या दस्तऐवजाची लिंक ग्रुपवर पिन केलेली असते. पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, म्हणून महिन्याला पुन्हा करावी लागते. तारीख हा यातला जीव आहे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले आणि त्याआधीची दरांबद्दलची पुष्कळ उत्तरं जुनी झाली. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा आला आणि कलमांचे क्रमांकच फिरले. तारीख नसलेलं जुनं उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट, कारण ते खात्रीचं वाटतं.

ग्रुप बरा चालला आहे की नाही हे संदेशांच्या संख्येवरून कळत नाही. किती जणांनी आवाज बंद करून ठेवला आहे ते अ‍ॅडमिनला दिसत नाही. पण दोन गोष्टी मोजता येतात. महिन्याभराची चर्चा फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि बघायचं, की एक दिवस उलटूनही उत्तर न मिळालेले प्रश्न किती आणि उत्तर देणारी वेगवेगळी माणसं किती. पहिला आकडा वाढत असेल आणि दुसरा घटत असेल तर जाणकार मंडळी निघून चालली आहेत असं समजावं. ती ग्रुप सोडत नाहीत, फक्त बोलायची थांबतात, आणि लोक त्यांना खासगीत विचारू लागतात. तेव्हा नवा नियम करून उपयोग होत नाही. त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करून विचारावं, की अलीकडे लिहीत का नाही. तुम्ही असा ग्रुप चालवत असाल तर या महिन्याचे ते दोन आकडे काढून बघा. चारशे जणांच्या ग्रुपला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही.